वीस वर्षांचा अनुभव खालच्या ग्रेडमध्ये का?

प्रश्न : मी एचआरमध्ये एमबीए करतोय. इंटर्नशिपमध्ये कंपनीच्या नव्या ग्रेड कामगारांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलंय. मेंटेनन्समध्ये वीस वर्षं काढलेले एक काका रोज विचारतात, "दोन वर्षांपूर्वी आलेला प्लॅनर माझ्या वरच्या ग्रेडमध्ये कसा?" पदाला गुण देऊन ग्रेड ठरवायची पॉइंट पद्धत अभ्यासली आहे, पण त्यांच्यासमोर शब्द फुटत नाहीत. काय सांगू?

उत्तर : काकांसमोर लगेच गुणांचा तक्ता उघडू नका. आधी एवढंच सांगा, की ही ग्रेड त्यांना दिलेली नाही, मेंटेनन्स टेक्निशियन या पदाला दिली आहे. उद्या तिथे नवखा मुलगा आला तरी पदाची ग्रेड तीच राहील. मग काकांची वीस वर्षं कुठे गेली? ती पगारात दिसायला हवीत. त्याकडे नंतर येऊ.

आता गुण. समजा, एकूण 1000 गुण आहेत : कौशल्याला 400, जबाबदारीला 300, श्रमाला 150 आणि कामाच्या परिस्थितीला 150. प्रत्येक घटकाच्या पाच पायऱ्या, आणि कोणत्या पायरीचा अर्थ काय हे आधीच लिहून ठेवलेलं.

टेक्निशियनचं पद कौशल्यात तिसऱ्या पायरीवर, म्हणजे 240. श्रमातही तिसऱ्या, म्हणजे 90. उष्णता, आवाज, तेल यांमुळे परिस्थितीत चौथ्या पायरीचे 120. जबाबदारीत मात्र दुसरी पायरी, 120 गुण, कारण जॉब डिस्क्रिप्शनमध्ये 'सुपरवायझरच्या सूचनेनुसार दुरुस्ती' असं लिहिलंय. एकूण 570. प्लॅनरला कौशल्य आणि श्रम यांचे तेवढेच गुण, एसीत बसत असल्याने परिस्थितीचे फक्त 30, पण जबाबदारीचे 240. त्याचं वेळापत्रक चुकलं तर अख्खी लाइन थांबते. एकूण 600. चौथी ग्रेड 580 ला संपत असेल, तर दोघांच्या मध्ये रेघ येते. काकांच्या कौशल्याला कमी लेखलेलं नाही हे इथे आकड्यांतच दिसतं, आणि ते त्यांना आवर्जून दाखवा. प्लॅनर पुढे आहे तो एकाच घटकात, जबाबदारीत.

आता पगार. पे बँड, म्हणजे प्रत्येक ग्रेडच्या किमान ते कमाल पगाराचे पट्टे, सहसा एकमेकांवर चढलेले असतात. चौथ्या ग्रेडची सुरुवात 100 धरली, तर ती 150 पर्यंत जाईल आणि पाचवी 120 ते 180 असेल. वीस वर्षांचा चांगला टेक्निशियन 145 वर असू शकतो आणि दोन वर्षांचा प्लॅनर 125 वर. म्हणजे ग्रेड खालची, पगार जास्त. खूप जणांचा राग इथेच निवतो, पण त्याआधी काकांची बँडमधली खरी जागा बघून घ्या. ते 110 वर अडकले असतील, तर तक्रार ग्रेडची नाही, वेतनवाढीची आहे आणि ती रास्त आहे. शिवाय ते बँडच्या टोकाला पोचले असतील, तर पुढची वाढ मंदावणार हेही लपवू नका.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काका रेघेपासून फक्त 11 गुण दूर आहेत. अशा सीमेवरच्या पदाचं जॉब डिस्क्रिप्शन पुन्हा वाचायलाच हवं. त्यांना विचारा, "रात्रपाळीत बेअरिंग तापलं तर लाइन थांबवायची की नाही, हे कोण ठरवतं?" उत्तर "मीच" असं आलं आणि सुपरवायझरने दुजोरा दिला, तर कागद जुना झालाय. जबाबदारी तिसऱ्या पायरीवर गेली की 180 गुण होतात, एकूण 630, आणि पद पाचव्या ग्रेडमध्ये जातं. उलट, काका हुशार आहेत म्हणून साहेब त्यांना विचारतात, पण निर्णय साहेबांचाच, असं असेल तर ग्रेड हलत नाही. ते श्रेय काकांच्या अप्रेझलमध्ये जायला हवं. आणखी एक ताळा करा : इतर पाळ्यांतले टेक्निशियनही तोच निर्णय घेतात का? सगळे घेत असतील तर तो पदाचा भाग.

"प्लॅनर बाजारात मिळत नाहीत म्हणून वरची ग्रेड दिली" असं कोणी तुम्हाला कानात सांगितलं, तर ते समर्थन म्हणून वापरू नका. टंचाईसाठी वेगळा भत्ता देता येतो आणि टंचाई संपल्यावर त्याचा फेरविचारही करता येतो. त्यासाठी गुण फुगवले की दुसऱ्या पदांचे गुणही खोटे ठरतात, आणि मग काकांना देण्यासारखं उत्तर तुमच्यापाशी उरत नाही.

एकाच बैठकीत सगळं उरकू नका. पहिल्या भेटीत त्यांच्या पदाच्या पायऱ्यांची वर्णनं त्यांच्या हातात द्या आणि जिथे पटत नाही तिथे पेन्सिलने खूण करायला सांगा. खूण झाली की ती लेखी फेरमूल्यांकनाकडे पाठवा आणि उत्तर कधीपर्यंत मिळेल ती तारीख त्यांना सांगा.