नोटिशीचं उत्तर: आधी तारखा लाव

बँकेला आलेल्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या नोटिशीला तू लिहिलेल्या उत्तराचा मसुदा वाचला. ‘ग्राहकाचे पैसे परत केले, तक्रार निकाली काढावी’ एवढ्यावर लोकपाल ऐकत नसतो, बाबा. लातूरच्या एटीएमची केस घे. ३ जूनला खात्यातून १०,००० कापले, नोटा आल्याच नाहीत. ६ जूनला तक्रार, १७ जूनला पैसे जमा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार पाच दिवसांत, म्हणजे ८ जूनपर्यंत, पैसे परत जायला हवे होते. पुढं नऊ दिवस उशीर, रोज १०० प्रमाणे ९०० रुपये भरपाई. ती ग्राहकानं मागायची नसते, आपणच द्यायची. आधी ती जमा कर आणि नोंदीचा उतारा जोड.

तारखा आठवणीनं लिहू नकोस. मशीनचा जर्नल लॉग आणि रोकड मोजणीतली जादा रक्कम, दोन्ही जुळवून बघ. मी एकदा लॉग न बघताच ‘व्यवहार यशस्वी’ लिहून मोकळा झालो होतो. मोजणीत नेमके तेवढेच पैसे जादा निघाले!

सुधारणेच्या भागात नुसतं ‘दक्षता घेऊ’ असं लिहू नकोस. मशीनमधल्या रोकडीचा ताळमेळ कोण, किती वाजता करणार ते लिही. त्या दिवशी त्याच मशीनवर आणखी कुणाचे पैसे अडकले का, तेही तपास; लोकपाल विचारतोच.