युरिक ॲसिड mg/dL मधून µmol/L मध्ये

प्रश्न: सांगलीच्या लॅबमध्ये वडिलांचं युरिक ॲसिड ७.२ mg/dL आलंय. लंडनच्या डॉक्टरांना µmol/L मध्ये कळवायचंय. कसं बदलू?

उत्तर: ५९.४८ ने गुणा: ७.२ × ५९.४८ = ४२८ µmol/L. युरिक ॲसिडचा रेणुभार १६८.११ आहे. एक डेसिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम म्हणजे लिटरमध्ये १० मिलिग्रॅम, म्हणजेच १०,००० मायक्रोग्रॅम, त्याला १६८.११ ने भागलं की ५९.४८ येतं. तोंडी हिशेबाला ६० चालतं, पण मग ४३२ येईल, म्हणून डॉक्टरांना कळवताना पूर्ण आकडाच वापरा. हा गुणक फक्त युरिक ॲसिडचा आहे. त्याच रिपोर्टवरच्या क्रिएटिनिनला ८८.४ लागतो, तिथे ५९.४८ वापरलं तर मूत्रपिंडाचा आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी, म्हणजे फसवा चांगला दिसेल. मूळ ७.२ mg/dL सुद्धा शेजारी लिहाच, म्हणजे त्यांना पडताळता येईल.