प्लग गेजची गोष्ट ठेवा, केकची गाळा

प्रश्न: 2016 मध्ये नाशिकच्या अंबडमधल्या एका कंपनीतली क्वालिटी इंजिनिअरची नोकरी सोडली. सासऱ्यांचं आजारपण आणि मुलगी लहान. मधल्या काळात ट्यूशन घेतल्या, सोसायटीचे हिशेब पाहिले, ऑर्डरचे केक केले. आता पुन्हा क्वालिटीतच यायचंय. भोकाचं माप तपासणारा प्लग गेज झिजल्यामुळे आलेली ग्राहकाची एक तक्रार मी सोडवली होती, पण ती फार जुनी झाली. बायोडेटा आणि लिंक्डइनवर काय सांगू, काय गाळू?

उत्तर:

ताई, ती जुनी तक्रारच सांगा आणि सगळ्यात वर ठेवा. मी सातपूरला सप्लायर क्वालिटीत आहे, मुलाखती घ्यायला बसते. ट्यूशन, केक, सोसायटी, नोकरी असं सगळं एकाच मापानं लिहिलेलं असलं की बोलणं हमखास केककडे वळतं आणि कामाचं विचारायला वेळच उरत नाही. प्रत्येक ओळ आपल्यामागून एक प्रश्न घेऊन येते. तो प्रश्न तुम्हाला हवा असेल तर ओळ ठेवा, नको असेल तर काढा. केक तुम्ही मन लावून केले असतील, तरी या बायोडेटात त्यांना जागा नाही.

आता तक्रारीचं. ‘ग्राहकाच्या तक्रारींचं निवारण केलं’ असं सगळेच लिहितात, त्यातून काही कळत नाही. साधारण असं लिहा: ‘ग्राहकाकडे बुशमध्ये पिन बसत नव्हती, आमच्या लाइनवर मात्र सगळे नग पास होत होते. प्लग गेजची गो बाजू झिजून बारीक झाली होती, त्यामुळे लहान भोकातही ती सहज जात होती. गेज बदलला, शिल्लक माल पुन्हा तपासला, आणि गेज किती महिन्यांनी तपासायचा याऐवजी किती नगांनंतर तपासायचा हे ठरवलं.’ यातलं जे तुम्ही स्वतः केलं तेवढंच ठेवा, कारण पुढचा प्रश्न तिथेच येणार. मी असते तर विचारलं असतं, नो-गो बाजू झिजली असती तर काय झालं असतं? ती चांगल्या भोकातही शिरली असती आणि चांगले नग रिजेक्ट झाले असते. हे तुम्ही न अडखळता सांगितलंत की मधल्या वर्षांचा विषय आपोआप मागे पडतो. गेज आजही तसाच झिजतो, त्यामुळे ही गोष्ट जुनी होत नाही. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंगचे तपशील मात्र गाळा. दुसऱ्याची गोपनीय माहिती सांगणारा माणूस उद्या आमचीही सांगेल, असं वाटतं.

जुनं दिसतं ते दुसरीकडेच. बायोडेटाच्या माथ्यावर वाहन उद्योगाचं ‘आयएसओ/टीएस 16949’ हे क्वालिटीचं मानक असेल तर खाली घ्या. त्या मानकाच्या जागी 2016 मध्ये आयएटीएफ 16949 आलं आणि 2018 नंतर जुनी सर्टिफिकेटं चालेनाशी झाली. तुमच्या नोकरीच्या वर्णनात टीएस राहू द्या, तेव्हा तेच होतं. कुठे काय बिघडू शकतं याचा आधीच विचार करणाऱ्या एफएमईएमध्येही 2019 च्या नव्या हँडबुकनं आरपीएन या जोखमीच्या आकड्याऐवजी ॲक्शन प्रायॉरिटी आणली. तुमच्याच प्लग गेजच्या केसचा एफएमईए नव्या पद्धतीनं करून पाहा. मग ‘नवी पद्धत वापरून पाहिली’ हे खरेपणानं सांगता येईल, आणि मला विचारायला एक चांगला प्रश्नही मिळेल.

मधल्या वर्षांना दोन ओळी पुरेत. लिंक्डइनवर अनुभवाच्या भागात Career break टाकता येतो, त्यात कौटुंबिक जबाबदारी एवढं लिहा. सासऱ्यांना काय झालं होतं, घरात कोणी किती केलं, हे सांगू नका. तो त्यांचाही खासगी विषय आहे. आम्हाला खरं तर एकच जाणून घ्यायचं असतं, आता वेळ कसा आहे. शिफ्टला किंवा ऑडिटसाठी सिन्नरला जायला जमणार असेल तर तसं लिहा, नसेल तर आधीच सांगा.

तारखांना मात्र हात लावू नका. ‘2018 पर्यंत होते असं लिही, कोण बघतंय’ असा सल्ला देणारे भेटतील. पीएफच्या यूएएनमध्ये रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते आणि पडताळणीत ती बघितली जाते. कारणाचे तपशील गाळणं तुमचा हक्क आहे, पण तारीख सरकवली तर हातात आलेली ऑफर जाते.

एक मर्यादा सांगते. मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलवर ‘मागील पाच वर्षांचा अनुभव’ अशी चाळणी लागली असेल तर गोष्ट कितीही चांगली लिहा, ती कोणी वाचतच नाही. अंबड, सातपूर, सिन्नरच्या छोट्या सप्लायरकडे क्वालिटी हेड स्वतः बायोडेटा बघतात, तिथून सुरुवात करा. त्याआधी जुन्या साहेबांना किंवा सहकाऱ्यांना तो पाठवा आणि काय विचारतात ते बघा. त्यांनी गेजबद्दल विचारलं तर मांडणी बरोबर आहे. ‘इतकी वर्षं काय करत होतीस?’ हेच आधी आलं तर ब्रेकच्या ओळी अजून वर आहेत, त्या खाली सरकवा.