५५ इंची टीव्ही घ्यायचाय, त्याआधी कॅबिनेट करून घेतोय, आतून रुंदी, उंची, खोली किती ठेवू?

हल्लीचे टीव्ही १६:९ असतात, त्यामुळे इंचाला ०.८७ ने गुणलं की रुंदी आणि ०.४९ ने गुणलं की उंची. ५५ ला साधारण ४८ बाय २७ येतं. पण हे आकडे मेस्ताला देऊ नका, कारण हे नुसत्या काचेचं माप आहे आणि आमच्या डिचोलीच्या घरात यावरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

चवथीआधी हॉल तयार हवा होता आणि टीव्ही चवथीच्या ऑफरमध्ये घ्यायचा होता. दादाने मोबाईलवर हाच हिशोब केला, ४८ इंच म्हणजे बरोबर चार फूट, प्लायची शीट पण चार फुटी, म्हणून मेस्ताला सांगून मोकळा झाला की कॅबिनेट चार फूट कर. मी म्हटलेलं आधी मॉडेल ठरवूया, कोणी ऐकलं नाही. मेस्ताने सांगितलं तसं बाहेरून चार फूट केलं. त्यातून दोन बाजूंच्या १८ एमएमच्या फळ्या गेल्या, आत राहिले साडेशेहेचाळीस. टीव्ही आला तो फ्रेमसकट साडेअठ्ठेचाळीस! चवथीच्या आदल्या दिवशी एका बाजूची फळी उपटावी लागली, नवा सनमायका फुटला तो फुटलाच.

खोलीला तर फॉर्म्युलाच नाही. टीव्ही वरच्या कडेला बोटाएवढा पातळ दिसतो, पण मागे खाली बोर्ड आणि स्पीकर असतात तिथे आमचा ३ इंच जाड आहे. त्यात मागून सरळ बाहेर येणारी एचडीएमआय केबल, तिला आणखी २ इंच. आणि पायांवर उभा करणार असाल तर पायच पुढून मागे ११ इंच आहेत, शिवाय ते पार दोन टोकांना असतात, म्हणजे खालची फळी पण तेवढी रुंद हवी. कंपनीच्या साईटवर स्टँडसकट आणि स्टँडशिवाय अशी दोन मापं असतात, तुम्ही भिंतीला लावणार की फळीवर ठेवणार त्याप्रमाणे बघा.

माझं मत, फळीवर ठेवणार असाल तर आतून ५२ रुंद, ३३ उंच, १४ खोल. मागे पूर्ण प्लाय ठोकू नका, टीव्हीची गरम हवा अडकते आणि आपल्याकडे पावसात भिंत ओल धरते ती वेगळीच.

हां, पायांची उंची आणि फ्रेम मॉडेलप्रमाणे बदलते, साउंडबार पुढे ठेवायचा असेल तर तोही मोजा, म्हणून टीव्ही आधी नक्की करा आणि मगच मेस्ताला बोलवा, आणि माप देताना 'आतून' हा शब्द कागदावर लिहून द्या. दादा अजून चारचौघांत सांगतो की मेस्ताने घोळ केला. मेस्ताने काही घोळ केला नाही, माप आम्ही दिलेलं, आणि फळी परत बसवायचे पैसेसुद्धा त्याने घेतले नाहीत.