'आयगेन' कोण, आणि सदिश 'तो' की 'एक'?

प्रश्न : "आयगेन हे कुणा गणितज्ञाचं नाव आहे का? मराठीत 'लाक्षणिक मूल्य' म्हणावं की 'स्वमूल्य'? शिवाय माझ्या उत्तरात आयगेन सदिश (1, −2) आला आणि पुस्तकामागच्या उत्तरात (−1, 2). मग 'मॅट्रिक्सचा आयगेन सदिश काढा' हे वाक्य तरी बरोबर आहे का?"

आयगेन नावाचे एक मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले खरे. मानफ्रेड आयगेन, १९६७ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी. पण त्यांचा इथे काही संबंध नाही. ते जन्मले १९२७ साली, आणि जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांनी 'आयगेनवेर्ट', म्हणजे आयगेन मूल्य, हा शब्द १९०४ मध्येच वापरला होता. 'आयगेन' हे साधं जर्मन विशेषण आहे. अर्थ 'स्वतःचा', 'खास त्याचा'. विशेषनामाला जर्मनमध्ये 'आयगेननामं' म्हणतात, त्यातलाच हा 'आयगेन'.

त्याआधी, १८८३ मध्ये, सिल्वेस्टर या इंग्रज गणितज्ञाने याच मूल्यांना जे नाव दिलं होतं त्याचं मराठी 'अप्रकट मुळे' असं होईल. शाळेत आपण 'अप्रकट उष्मा' शिकलो, त्यातलंच 'अप्रकट'. पाण्यात जशी वाफ दडलेली असते किंवा तंबाखूच्या पानात धूर, तशी मॅट्रिक्समध्ये ही मुळे दडलेली असतात, असा त्याचा दाखला होता. मला स्वतःला हे नाव फार आवडतं, पण ते टिकलं नाही.

आता 'लाक्षणिक'. हा शब्द चुकीचा नाही, पण मराठी कानाला चकवतो. आपल्याकडे लाक्षणिक उपोषण असतं, लाक्षणिक संप असतो, म्हणजे नुसता प्रतीकापुरता, एक दिवसाचा. साहित्यशास्त्रात लाक्षणिक अर्थ म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ सोडून घेतलेला दुसरा अर्थ. गणितात याच्या अगदी उलट अपेक्षा आहे. तिथे 'लक्षण' म्हणजे ओळख पटवणारी खूण. मॅट्रिक्सची ओळख सांगणारी ती लाक्षणिक बहुपदी. बहुपदीसाठी हा शब्द रुळला आहे तर राहू द्यावा. मूल्य आणि सदिश यांच्यासाठी मात्र 'स्व' मला जास्त जवळचा वाटतो, कारण 'स्वभाव'मधला 'स्व' आणि 'आयगेन' एकच गोष्ट सांगतात. एक अडचण आहे. 'स्वमूल्य' हा शब्द एकटा वाचला की स्वतःची किंमत, आत्मसन्मान असलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. म्हणून लेखात एकदा 'आयगेन मूल्य' म्हणून ओळख करून द्यावी आणि पुढे हवं ते वापरावं. मी खाली आयगेनच ठेवतो.

तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग मात्र नुसत्या शब्दाचा नाही. तिथे गणित केल्याशिवाय व्याकरण सुटत नाही. तुमची मॅट्रिक्स कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून तीच उत्तरं येतील अशी एक घेतो.

```
A = |  7   2 |
    | -4   1 |
```

आपल्याला असा सदिश v हवा आहे की A त्याच्यावर चालवली की v चीच काही पट मिळावी, म्हणजे Av = λv. ही पट λ म्हणजेच आयगेन मूल्य. सगळं एका बाजूला आणलं की (A − λI)v = 0 होतं. v चे घटक x आणि y धरले तर ही दोन समीकरणं आहेत :

```
(7 - λ)x +       2y = 0
     -4x + (1 - λ)y = 0
```

उजवीकडे दोन्ही ठिकाणी शून्य आहे. त्यामुळे x = 0, y = 0 हे उत्तर काहीही न करता मिळतं, आणि नेमकं तेच आपल्याला नको आहे. शून्य सदिशाला दिशाच नसते, मग 'स्वतःची दिशा' कुठून असणार? दुसरं उत्तर हवं असेल तर दोन्ही समीकरणांच्या रेषा एकमेकींवर पडायला हव्यात, म्हणजे सहगुणकांचा निश्चयक शून्य व्हायला हवा. दहावीत निश्चयक शून्य आला की 'एकमेव उत्तर नाही' असं लिहून आपण तिथेच थांबायचो. इथे मुद्दाम तीच अडचण ओढवून घ्यायची आहे. λ ची कोणती किंमत घेतली की निश्चयक शून्य होतो, एवढाच प्रश्न उरतो.

```
(7 - λ)(1 - λ) - (2)(-4) = 0
λ² - 8λ + 7 + 8 = 0
λ² - 8λ + 15 = 0
(λ - 3)(λ - 5) = 0
```

ही लाक्षणिक बहुपदी. तिची मुळे तीन आणि पाच. मधल्या पदातला आठ हा कर्णावरच्या सात आणि एक यांची बेरीज आहे, आणि पंधरा हा A चा निश्चयक. २×२ मॅट्रिक्ससाठी हे नेहमीच असं असतं : λ² मधून कर्णाची बेरीज गुणिले λ वजा करायची आणि निश्चयक मिळवायचा. म्हणून मुळे काढली की त्यांची बेरीज आणि गुणाकार एकदा ताडून पाहावेत.

चूक बहुतेक वेळा (2)(−4) या गुणाकाराच्या चिन्हात होते. वजा आठ वजा करायचे म्हणजे आठ मिळवायचे, हे घाईत निसटतं आणि निश्चयक पंधराऐवजी वजा एक येतो. मग λ² − 8λ − 1 = 0, आणि मुळे 4 ± √17. इथे बेरीज आठ आणि गुणाकार वजा एक अगदी बरोबर जुळतात, कारण निश्चयकच चुकलेला आहे. मग चूक कळायची कशी? सदिश शोधताना. λ साधारण 8.12 धरली तर पहिलं समीकरण सांगतं की y म्हणजे x ची 0.56 पट, आणि दुसरं सांगतं की y म्हणजे x ची वजा 0.56 पट. दोन्ही एकदम खरं व्हायचं तर दोघेही शून्य. म्हणजे ज्याला आपण दारातून परत पाठवलं होतं तो शून्य सदिशच पुन्हा आला. मूल्य बरोबर असेल तर असं कधीच होत नाही. 'आयगेन सदिश (0, 0) आला' असं लिहायची वेळ आली तर सदिशाकडे नाही, मागे जाऊन मूल्याकडे बघावं.

आता λ = 3 ठेवू.

```
 4x + 2y = 0
-4x - 2y = 0
```

दुसरं समीकरण म्हणजे पहिल्याचंच चिन्ह बदललेलं रूप. नवीन काहीच सांगत नाही. 'माझं एक समीकरण वाया गेलं' म्हणून काहीजण इथे घाबरतात, पण ते वाया जावं म्हणूनच आपण λ निवडली होती. उरतं ते y = −2x. x काय, ते कोणीच सांगत नाही. तुम्ही एक धरलात, (1, −2) आला. पुस्तकाने वजा एक धरला, (−1, 2) आला. कोणी दहा धरेल, (10, −20) येईल. तपासून पाहा : A ला (1, −2) वर चालवलं तर (7 − 4, −4 − 2), म्हणजे (3, −6) मिळतो, बरोबर तिप्पट. पुस्तकातला सदिशही असाच तिप्पट होतो. दोघंही बरोबर आहात. λ = 5 साठी y = −x मिळतं, तिथे (1, −1) घेता येईल.

म्हणून शब्दांबद्दल माझं मत असं : आयगेन मूल्य 'काढतात', आयगेन सदिश 'निवडतात'. मूल्यं बहुपदीतून पक्की ठरतात, तिथे कोणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. सदिशाच्या बाबतीत पक्की असते ती फक्त y = −2x ही रेषा. तिच्यावरचा शून्य सोडून कोणताही सदिश चालतो. 'मॅट्रिक्सचा आयगेन सदिश काढा' यात दोन गोष्टी निसटतात : कोणत्या मूल्याचा, आणि अनेकांपैकी एक. 'λ = 3 साठी एक आयगेन सदिश लिहा' असं म्हटलं की वाद मिटतो. मराठीत इंग्रजीसारखी उपपदं नाहीत, त्यामुळे हा 'एक' सहज गळतो, आणि मग उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही म्हणून मुलं बरोबर गणित खोडतात.

एक पोटमुद्दा. 'ज्याची दिशा बदलत नाही तो आयगेन सदिश' ही व्याख्या मराठीत सर्रास सापडते. मूल्य ऋण असलं की ती फसते. (1, 2) आणि (2, 1) या ओळींची मॅट्रिक्स घ्या. बहुपदी λ² − 2λ − 3, मूल्ये तीन आणि वजा एक. वजा एकसाठी (1, −1) घेतला तर तो (−1, 1) होतो, म्हणजे सरळ पाठ फिरवतो. दिशा उलटी झाली, पण रेषा तीच राहिली. म्हणून 'जो आपली रेषा सोडत नाही' असं म्हणावं. मूल्य शून्य असेल तेव्हा सदिश शून्यावर जाऊन कोसळतो, पण शून्यही त्याच रेषेवर असल्याने ही व्याख्या तिथेही टिकते. सदिश शून्य चालत नाही, मूल्य शून्य चालतं. हा फरक शब्दांत नीट ठेवला नाही की गोंधळ ठरलेला.

वर 'एक' या शब्दाची एवढी तरफदारी केली, तर तो कुठे तोकडा पडतो तेही सांगतो. या दोन मॅट्रिक्स पाहा :

```
| 3  1 |      | 3  0 |
| 0  3 |      | 0  3 |
```

दोघींचीही लाक्षणिक बहुपदी (λ − 3)². मूळ तीनच, पण दोनदा. पहिलीत λ = 3 ठेवलं की y = 0 एवढंच मिळतं, म्हणजे (1, 0) ची रेषा, दुसरी रेषा नाहीच. दुसरीत दोन्ही समीकरणं 0 = 0 होतात, म्हणजे कोणतीच अट नाही आणि शून्य सोडून प्रत्येक सदिश आयगेन. तिथे 'एक सदिश लिहा' म्हटलं तर विद्यार्थी (1, 0) लिहून मोकळा होईल आणि दोन्ही मॅट्रिक्सचं उत्तर सारखंच दिसेल. अशा वेळी 'एकाच रेषेवर नसलेले जास्तीत जास्त किती, ते सगळे लिहा' असं विचारावं लागतं : पहिलीत एक, दुसरीत दोन. ओळख पटवणारी खूण म्हणून जिला 'लाक्षणिक' म्हटलं, त्या बहुपदीला या दोघींमधला फरक ओळखता येत नाही.