ताप गेला तरी उरलेल्या 16 गोळ्या का घ्यायच्या?

"मॅडम, पोराला टायफॉइड झालेला, 14 दिवसांचा कोर्स दिला होता. सहाव्या दिवशी ताप गेला, वर गोळ्यांनी जुलाब लागले, म्हणून मी बंद केल्या. आता परत ताप आलाय. माझ्यामुळेच झालं का हे? आणि आता त्याच्या अंगाला ते औषध लागूच पडणार नाही का?"

सिडकोतल्या एक ताई, मुलगा अकरावीला. येताना फाईल आणि उरलेल्या गोळ्या पिशवीत घेऊनच आल्या होत्या ते बरं झालं, कारण गोळ्या मोजल्या की सगळं समजतं. सेफिक्झिम, रोज दोन, म्हणजे 28 गोळ्या. सहा दिवसांत 12 गेल्या, 16 उरायला हव्या होत्या, पिशवीत निघाल्या 12. मग चार कुठे गेल्या? तर धाकटीला सर्दी-खोकला झाला होता, तिला दोन दिवस दिल्या. त्याच्याकडे येते नंतर.

आधी मुलाचं. ताई, टायफॉइडचे जंतू नुसते रक्तात फिरत नाहीत, ते आपल्याच पेशींच्या आत जाऊन बसतात, लिव्हर, प्लीहा, हाडांच्या आतला मगज अशा ठिकाणी. गोळ्या सुरू झाल्या की रक्तातले आधी मरतात, चार-पाच दिवसांत ताप उतरतो, भूक लागते, पोरगं मोबाईल मागायला लागतं आणि आपल्याला वाटतं संपलं. पण आत दडलेले अजून जिवंत असतात, बाकीचे दिवस त्यांच्यासाठीच असतात. त्याचा ताप गोळ्या सोडल्यावर बाराव्या दिवशी आला आणि टायफॉइड उलटतो तो बहुतेक असाच, दोन-तीन आठवड्यांत. कोर्स पूर्ण करूनही काही जणांचा उलटतो, त्यामुळे सगळा दोष स्वतःवर घेऊ नका, पण अर्धवट सोडल्याने शक्यता वाढते हे खरं.

ताईंनी परत त्याच गोळ्या चालू केल्या नव्हत्या हे फार चांगलं केलं. अँटिबायोटिक पोटात गेल्यावर ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून पाहायची तपासणी, केली तर जंतू बऱ्याचदा सापडतच नाही. डॉक्टरांनी आधी रक्त घेतलं, मग औषध सुरू केलं. विडाल या रक्ततपासणीवर विसंबले नाहीत, कारण एकदा टायफॉइड होऊन गेला की ती पुढे बरेच दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते. कल्चरमध्ये टायफॉइडचाच जंतू निघाला, आणि सेफिक्झिमच्या गटातलं औषध अजून लागू होतं, सिप्रोफ्लॉक्सासिन मात्र नाही.

आता "अंगाला औषध लागू पडत नाही" याबद्दल. सवय अंगाला होत नाही हो, जंतूंना होते. लाखो जंतूंत एखाद-दुसरा औषधाला न जुमानणारा असतो, औषधाने बाकीचे मेले की त्याला जागा मोकळी मिळते आणि तोच वाढतो. टायफॉइडमध्ये हे आपल्याकडे घडून गेलंय. 1948 पासून क्लोरॅम्फेनिकॉल चालायचं, 1972 मध्ये केरळात त्याला दाद न देणाऱ्या टायफॉइडची साथ आली. मग सिप्रोवर भर दिला, आता तीही बहुतेक वेळा चालत नाही. पाकिस्तानात सिंधमध्ये 2016 पासून असा टायफॉइड पसरला की सेफ्ट्रायॅक्झोनचं इंजेक्शनसुद्धा निकामी, तोंडाने घ्यायची अझिथ्रोमायसिन तेवढी उरली.

आणि म्हणून मला मुलापेक्षा धाकटीच्या चार गोळ्यांची काळजी जास्त वाटली. सर्दी व्हायरसने होते, त्यावर ही गोळी काहीच करत नाही. पण तिच्या आतड्यात चांगले-वाईट असंख्य जंतू असतात, त्यांच्यावर मात्र काम करते, नाजूक ते मरतात आणि दाद न देणारे उरतात. जंतू हा गुण एकमेकांना देऊही शकतात, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा. घरात एकच संडास, एकच स्वयंपाकघर, ते एकाकडून दुसऱ्याकडे जायला वेळ लागत नाही. उद्या तिला लघवीचं इन्फेक्शन झालं तर साधी गोळी चालणार नाही असं होऊ शकतं.

जुलाबांचं म्हणाल तर त्रास खरा होता, पण तेव्हा फोन करायचा होता. थोडे पातळ जुलाब असतील तर ओआरएस देऊन कोर्स बहुतेक पुढे चालू ठेवता येतो, खूपच झाले, रक्त पडलं किंवा अंगावर पुरळ आलं तर डॉक्टर औषध बदलतात. आणि कोर्स किती दिवसांचा हे आजारावर ठरतं, काहींना पाचच दिवस पुरतात, त्यामुळे आपल्या मनाने वाढवायचाही नाही.

यावेळी ताईंनी कॅलेंडरवर प्रत्येक डोसला पेनाने टिक केली. एक डोस चुकला, तो आठवल्यावर दिला, पुढचा डबल केला नाही. पोट खूप दुखलं किंवा शी काळी झाली तर थेट दवाखाना, हे मुलालाही सांगून ठेवलं होतं, कारण टायफॉइडमध्ये आतड्याला भोक पडू शकतं. कोर्स संपल्यावर तीन आठवडे थर्मामीटर उशाशी ठेवला, ताप आला नाही. उरलेल्या 12 गोळ्या त्या माझ्याच टेबलावर ठेवून गेल्या, शेजारणीने मागितल्या होत्या तरी.