हरवलेला आयफोन सापडल्याचा मेसेज आला तर लिंक उघडावी का?

प्रश्न: «मागच्या आठवड्यात डोंबिवली लोकलमध्ये आयफोन १३ हरवला. कव्हरच्या मागे पॅन कार्ड आणि लायसन्स होतं. फोन लॉस्ट मोडवर टाकून स्क्रीनवर आईचा नंबर दिलाय. आज आईला मेसेज आला, ‘तुमचा आयफोन १३ सापडला आहे, लोकेशन बघा’, खाली लिंक. दुसरीकडे फेसबुकवर पोस्ट टाकली होती, त्यात मित्राचा नंबर होता. त्याला एकाचा फोन आला, ‘फोन आणि कागदपत्रं माझ्याकडे आहेत, दोन हजार पाठवा, कुरिअर करतो.’ दोघांपैकी खरा कोण?»

बहुतेक दोघंही नाहीत. पण दोघं वेगवेगळे आहेत आणि ते तुमच्या प्रश्नातच दिसतंय. आईचा नंबर फक्त फोनच्या स्क्रीनवर आहे, मित्राचा फक्त फेसबुकवर. म्हणजे लिंक पाठवणाऱ्याच्या हातात तुमचा फोन खरंच असावा, किंवा ज्याच्या हातात आहे त्याने त्याला हे काम दिलं असावं. पैसे मागणाऱ्याने मात्र फक्त तुमची पोस्ट वाचली असण्याची शक्यता जास्त. माझं कल्याणला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. असे मेसेज घेऊन लोक काउंटरवर येतात तेव्हा मी पहिलं हेच विचारतो, की हा मेसेज ज्या नंबरवर आला तो नंबर तुम्ही कुठे कुठे दिला होता?

आधी लिंकवाला. चोरलेला किंवा सापडलेला आयफोन जसाच्या तसा विकता येत नाही, कारण फाइंड माय ही ॲपलची फोन शोधायची सोय चालू असेल तर त्यावर ॲक्टिव्हेशन लॉक असतं. २०१३ साली आयओएस ७ पासून ते आलं. फोन पूर्ण रिसेट केला तरी सुरू करताना तो जुन्या मालकाचा ॲपल आयडी आणि पासवर्ड मागतो. आमच्या धंद्यात असा फोन फक्त पार्टसाठी जातो आणि त्याचे पैसे चालू फोनच्या मानाने फारच थोडे मिळतात. लॉक निघालं तर तोच फोन सेकंडहँडच्या भावात जातो. या फरकासाठीच तो मेसेज आलाय. तुमचा फोन कुठे आहे हे त्याला सांगायचं नाहीये, त्याला तुमचा पासवर्ड हवाय. मेसेजमध्ये मॉडेल बरोबर लिहिलंय म्हणून लोक विश्वास ठेवतात, पण फोन हातात असलेल्याला मॉडेल ओळखायला कितीसा वेळ लागतो?

एक मॅडम असाच मेसेज घेऊन आल्या होत्या. फोन बसमध्ये गेला होता आणि मेसेज नवऱ्याच्या नंबरवर आला होता. त्यांच्यासमोरच ती लिंक दुकानातल्या एका रिकाम्या टेस्टिंगच्या फोनवर उघडून बघितली. (तुम्ही हा उद्योग करू नका.) आधी धूसर नकाशा आला, त्यावर एक हिरवा ठिपका, अगदी फाइंड मायसारखा. नकाशाला बोट लावलं की ॲपल आयडी आणि पासवर्डची चौकट. त्यात खोटं काहीतरी भरलं तरी पुढचं पान आलं आणि त्याने फोनचा सहा आकडी पासकोड मागितला. खरा पासवर्ड आहे की नाही हे त्या पानाला कळतच नव्हतं, ते फक्त गोळा करत होतं.

वरचा पत्ता `icloud.com` ने सुरू होत होता. मॅडम म्हणाल्या, हे तर बरोबर आहे की. पण पत्ता कोणाचा हे सुरुवातीवरून ठरत नाही. https:// नंतर पहिली तिरकी रेघ जिथे येते तिच्या लगेच आधीचे दोन तुकडे बघायचे. तिथे `icloud.com` किंवा `apple.com` असेल तरच पान ॲपलचं. त्या लिंकमध्ये `icloud.com` नंतर टिंब देऊन आणखी दोन-तीन शब्द होते आणि रेघेच्या आधी शेवट `.live` ने होत होता. म्हणजे `icloud.com` हे फक्त पुढे चिकटवलेलं नाव.

आता लोकांना न पटणारी गोष्ट. «माझ्या ॲपल आयडीला टू-फॅक्टर आहे, पासवर्ड गेला तरी ओटीपीशिवाय काय करणार?» एरवी हे बरोबर आहे. पण `icloud.com/find` हे एक पान मुद्दाम कोडशिवाय उघडतं, कारण ज्याचा फोनच हरवलाय त्याला कोड येणार कुठे? त्यामुळे नुसत्या आयडी-पासवर्डवर तो तिथे शिरून तुमचा फोन यादीतून काढू शकतो आणि तो काढला की लॉक संपलं. पासकोड दिला असेल तर त्याहून वाईट. मग फोन उघडतो, आतले फोटो, मेल, सगळंच त्याच्यासमोर येतं आणि ॲपलचा पासवर्डही बदलता येऊ शकतो. आयओएस १७.३ मध्ये आलेलं स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन चालू असेल तर पासवर्ड बदलणं त्याला अवघड जातं.

लिंक चालली नाही की दुसरा डाव येतो. «ॲपल सपोर्टमधून बोलतोय» असा फोन, नाहीतर धमकी, «तुझा डेटा विकतो, वाचवायचा असेल तर फोन अकाउंटमधून रिमूव्ह कर». इथे दोन बटणांमधला फरक पक्का लक्षात ठेवा. `Erase This Device` केलं तर डेटा जातो आणि लॉक तसंच राहतं. `Remove This Device` केलं की लॉक निघतं. धमकीची भीती वाटत असेल तर इरेज करा, रिमूव्ह कधीच नाही. तसंही पासकोडशिवाय त्याला आतलं काही दिसत नाही, त्यामुळे त्याची धमकी पोकळ आहे. आणि फोन सापडला म्हणून ॲपल तुम्हाला लिंकचा एसएमएस पाठवत नाही. लोकेशन बघायचंच असेल तर लॅपटॉपवर स्वतः पत्ता टाइप करून जा.

अँड्रॉइडवाल्यांनाही हेच येतं, फक्त गुगल अकाउंटच्या नावाने.

आता दोन हजारवाला. याला खोटा म्हणून लगेच झटकू नका, कारण खरोखर कोणाला फोन सापडला असेल तर त्यालाही कुठूनतरी तुमचा नंबर शोधावाच लागेल. त्याला पोस्टमध्ये नसलेली गोष्ट विचारा. मित्राकरवी एवढंच विचारायचं, «फोनच्या स्क्रीनवर जे लिहिलंय ते शब्दाला शब्द वाचून दाखव.» लॉस्ट मोडचा मजकूर फोन हातात असलेल्यालाच दिसतो. फोन बंद आहे म्हणाला तर म्हणा, चार्जिंगला लाव आणि मग वाच. लायसन्सचंही तसंच. तुमचं लायसन्स डिजिलॉकरमध्ये असेल तर त्यातली जारी झाल्याची तारीख तुम्ही समोर ठेवा आणि त्याला ती कार्डावर बघून सांगायला लावा. फोटो पाठवतो म्हणाला तर कव्हरच्या मागच्या बाजूचा मागा. ज्याच्याकडे वस्तू आहे तो मिनिटभरात उत्तर देतो. ज्याच्याकडे नाही तो चिडतो, «विश्वास नाय तर राहू द्या ना भाऊ» म्हणतो आणि पुन्हा पैशांवर येतो.

उत्तरं बरोबर आली तरी आधी पैसे पाठवायचे नाहीत. भेट डोंबिवलीच्या लोहमार्ग पोलीस ठाण्यात ठेवा. फोन लोकलमध्ये गेलाय म्हणजे तक्रारही तिथेच असणार. बक्षीस द्यायचं तर वस्तू हातात आल्यावर, रोख. क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे «परत» येतील असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा, कारण यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

बक्षिसाबद्दल कायदा थोडा गमतीशीर आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १६८ प्रमाणे सापडलेली वस्तू जपायला आणि मालक शोधायला स्वतःहून केलेल्या खर्चासाठी सापडवणारा तुमच्यावर दावा लावू शकत नाही, पण तो खर्च मिळेपर्यंत वस्तू स्वतःकडे ठेवू शकतो. मात्र तुम्ही ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल, तर तेवढ्यासाठी तो दावाही लावू शकतो. म्हणून पोस्टमध्ये «आणून देणाऱ्यास ५,००० रुपये» लिहिलं असेल तर ते द्यावं लागू शकतं हे धरून चाला. नुसतं «योग्य बक्षीस» लिहिलेलं बरं.

आता फोनचं. जुनं सिम अजून ब्लॉक केलं नसेल तर हे वाचणं थांबवून आधी ते करा. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की तुमचे सगळे ओटीपी तिकडे जातात. मग त्याच नंबरचं नवं सिम घ्या, पोलिसांत तक्रार द्या आणि सरकारच्या संचार साथी साइटवर सीईआयआर या हरवलेले फोन ब्लॉक करायच्या विभागात जाऊन फोनचा आयएमईआय नंबर ब्लॉक करा. तिथे फोनचं बिल, तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र लागतं, आणि ओटीपीसाठी एक चालू नंबर. इथे बरेच जण अडकतात, कारण नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला २४ तास लागू शकतात. आज घेतलं असेल तर उद्या फॉर्म भरा, उगाच साइटला शिव्या देऊ नका. आयएमईआय बॉक्सवर मिळतो, बॉक्स फेकला असेल तर ॲपल अकाउंटच्या डिव्हाइसच्या यादीत. याची मर्यादा एवढीच, की ब्लॉक झालेला फोन भारतातल्या नेटवर्कवर चालत नाही, पण वायफायवर चालतो आणि पार्टमध्ये सुटा झाला असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

पॅनचा फोटो कोणाच्या हाती लागला असेल तर त्यावर कर्ज काढलं जाऊ शकतं. महिना-दोन महिन्यांनी सिबिल रिपोर्ट काढून अनोळखी चौकशी किंवा खातं दिसतंय का ते बघा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

आईने लिंक उघडून काही भरलं असेल तर ॲपल आयडीचा पासवर्ड आत्ता बदला आणि फाइंड मायच्या यादीत फोन अजून आहे का ते बघा. बँकेचं काही भरलं किंवा पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन. नुसती लिंक उघडून बंद केली असेल तर घाबरायचं कारण नाही, पण तो नंबर चालू आहे हे त्याला कळलंय, त्यामुळे आणखी मेसेज येतील. आईला आताच सांगून ठेवा.

आणि खरा फोन कसा येतो तेही माहीत असू द्या. ब्लॉक केलेल्या फोनमध्ये कोणी सिम घातलं की त्याची माहिती पोलिसांकडे जाते. मग तुमच्या तक्रारीच्या ठाण्यातून कॉल येतो, कधी कधी बऱ्याच महिन्यांनी. ते बिल आणि ओळखपत्र घेऊन ठाण्यात बोलावतात, लिंक किंवा पैसे मागत नाहीत. कॉल आला तरी त्या नंबरवर उलट फोन न करता ठाण्याचा नंबर स्वतः काढून खात्री करा. फोन हातात आल्यावर सीईआयआरवर तुमचा रिक्वेस्ट आयडी टाकून अनब्लॉक करावा लागतो, म्हणून तो आयडी फोनमध्ये न ठेवता कागदावर लिहून ठेवा.